निघायची वेळ रपट्यावरून ठरवा

> ‘पुराच्या इशाऱ्यांच्या व्हिडिओत लाल-पिवळी चिन्हं दाखवली आहेत, पण आमच्या नदीकाठच्या गावात घर नेमकं कधी सोडायचं?’

वैनगंगेकाठी आकाशाकडे पाहून हे ठरवू नका. ऑगस्ट २०२०च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाची सगळी ३३ दारं उघडावी लागली आणि ब्रह्मपुरीकडची गावं बुडाली. म्हणजे वरचं पाणी आपल्याकडे ऊन असतानाही येतं.

पहिली खूण नाल्यात दिसते. नदी फुगली की नाल्याचं पाणी आधी थबकतं, मग काडीकचरा उलटा गावाकडे वाहू लागतो. तेव्हाच काठावर वीत-वीत उंचीच्या फरकानं खुंट्या ठोका आणि घड्याळ पाहा.

समजा पाणी तासाला एक वीत चढतंय. अंगण चार वीत वर आहे, पण बाहेर जायचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, दोनच वीत वर. मग तुमच्या हाती चार नाही, दोनच तास आहेत, तेही वेग वाढला नाही तर. रात्र होणार असेल तर तेवढीही वाट पाहू नका. रपट्यावरून पाणी वाहायला लागलं की गुडघ्याखाली असलं तरी उतरू नका; खालचा रस्ता खचलेला दिसत नाही.

निघताना ढोरांची दावी सोडा, मेन स्विच बंद करा. पिशवीत आठवड्याची औषधं, प्यायचं पाणी, टॉर्च, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आधार, पासबुक, सातबारा. ही पिशवी मृगातच भरून दाराजवळ टांगा. आमच्याकडे कागद शोधण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला होता.