'असंगत आचरण' म्हणजे बर्फाचं तरंगणं का?

दहावीची_आई: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'पाण्याचे असंगत आचरण' आहे. ती म्हणते, बर्फ तरंगतो तेच असंगत आचरण. बरोबर आहे का? आणि असंगत ते कशाशी?

शिसपेन्सिल: असंगत म्हणजे इतरांशी न जुळणारं. बहुतेक द्रव तापवले की प्रसरण पावतात. पाणी मात्र 0 पासून 4 अंश सेल्सिअसपर्यंत तापवताना आकसतं. 4 अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून बर्फ तरंगतो.

जुना_मास्तर: आकसण्याचं बरोबर, पण ते 'म्हणून' काढून टाका. 0 अंशाचं एक लिटर पाणी 4 अंशांवर नेलं तर जेमतेम 0.13 मिलिलिटरने कमी होतं. तेच लिटर गोठवलं तर बर्फ होतो सुमारे 1090 मिलिलिटर. वजन तेवढंच, जागा जास्त, म्हणून बर्फ तरंगतो. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून असतो, त्यामुळे मध्ये पोकळी राहते. वितळताना ती रचना मोडते आणि रेणू जवळ सरकतात. 4 अंशांची गंमत नसती तरी बर्फ तरंगलाच असता.

दहावीची_आई: मग होपच्या उपकरणात काय दिसतं?

जुना_मास्तर: फक्त 4 अंशांची गोष्ट. उंच भांड्याच्या मध्यावर बर्फ-मिठाचं मिश्रण असतं. आधी खालचा तापमापी उतरत 4 वर येऊन थांबतो, कारण जड पाणी तळाशी बसतं. त्यानंतर वरचा 0 कडे जातो. थंड प्रदेशातलं तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात, ते यामुळेच.

गच्चीवरून: आमच्याकडे सुईसुद्धा पाण्यावर तरंगते. पोलाद पाण्यापेक्षा हलकं कसं? हेही असंगत आचरणच ना?

जुना_मास्तर: नाही. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट घन असतं. सुईला पृष्ठताण पेलतो. कोरडी सुई टिश्यू कागदावर ठेवून अलगद सोडा आणि बाजूने पाहा, तिच्याखाली पाण्याला खळगा पडलेला दिसेल. आता भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पृष्ठताण घटतो आणि सुई बुडते. बर्फाच्या पेल्यात तोच थेंब टाकलात तर बर्फ जागचा हलणार नाही. दोन्हींना आपण 'तरंगणे' म्हणतो, तिथेच मुलं अडकतात. सुईपुरतं मी वर्गात 'टेकते' म्हणायचो.

शिसपेन्सिल: 'टेकते' पटत नाही, टेकायला खाली घट्ट काहीतरी हवं. आणि गोठताना फुगणं हेही बहुतेक पदार्थांशी न जुळणारंच आहे. मग मुलीने त्याला असंगत म्हटलं तर चुकलं कुठे?

जुना_मास्तर: शब्दाच्या अर्थाने नाही चुकलं. पण परीक्षेत 'असंगत आचरण म्हणजे काय' असं आलं तर 0 ते 4 अंशांचंच लिहायचं.