शतकाची जुडी मुलांनीच बांधावी

«दहा काड्यांची जुडी मुले बरोबर बांधतात, पण शंभराच्या गठ्ठ्यालाही दशकच म्हणतात. काय करावे?»

माझ्या अनुभवात हा गोंधळ बहुधा शंभराचा गठ्ठा शिक्षकांनी आधीच बांधून दिल्यामुळे होतो, कारण मग तो मुलांना नुसती मोठी जुडी वाटतो. म्हणून फासा टाकून तेवढ्या काड्या घेण्याचा आणि दहा झाल्या की जुडी बांधण्याचा खेळ ९८ पासून सुरू करावा. प्रत्येक जोडीला छोट्या रबराने बांधलेल्या नऊ जुड्या, आठ सुट्या काड्या आणि एक मोठे रबर द्यावे. फाशावर पाच पडले, तर सुट्या काड्या तेरा होतात. त्यांतल्या दहा बांधल्या की दहावी जुडी तयार होते आणि दहाही जुड्या मोठ्या रबरात जातात. आतली छोटी रबरे मात्र काढू देऊ नयेत, कारण शंभरात दहा दशके आहेत हे डोळ्यांना तिथेच दिसते.

आता शतकाच्या घरात एक गठ्ठा, एककाच्या घरात तीन काड्या आणि दशकाचे घर रिकामे राहते. इथे बरीच मुले १३ लिहितात. त्यांना «रिकाम्या घरात काय लिहायचे?» एवढेच विचारावे.

खरी परीक्षा उलट्या खेळात होते. १०३ मधून चार काड्या परत मागाव्यात. ज्याला समजले आहे, तो तीन सुट्या काड्या देऊन आधी मोठे रबर आणि मग एकाच जुडीचे छोटे रबर सोडतो. ज्याला समजलेले नाही, तो चौथ्या काडीसाठी अख्खी जुडी पुढे करतो. अशा मुलाला लिहायला न लावता आणखी दोन दिवस फक्त बांधू-सोडू द्यावे.