चेंबर नंबर ४, किल्ला कोर्ट : वकील-नोटरी शोधतानाचे तुमचे अनुभव

रेवती_के
सोसायटीला बाबांच्या जुन्या प्रतिज्ञापत्राची नोंद नोटरीच्या रजिस्टरमधून पडताळून हवी होती. कागदावर शिक्का होता, ‘चेंबर नं. ४, किल्ला कोर्ट’. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. झेवियर्सच्या शेजारच्या त्या दगडी इमारतीत शिरून हवालदाराला ‘चार नंबर चेंबर’ विचारलं, त्यांनी वर पाठवलं. दार ढकलणार तोच शिपाई धावत आला, “ओ ताई, साहेब आत बसलेत!” ते न्यायाधीशांचं चेंबर होतं. पुढे दीड तास नुसते जिने. शेवटी एका चहावाल्याने सांगितलं, “ते नोटरीकाका? ते बाहेर टेबल लावतात, पण आज आले नाहीत.” तुमच्यापैकी कुणाला नंबरावरून माणूस सापडलाय का? कसा, ते सविस्तर लिहा.

फोर्टचा_जिना
वीस वर्षं एका वकीलसाहेबांकडे क्लार्क होतो, म्हणून लिहितो. तुमची गफलत शब्दात झाली. मुंबईत कोर्टाच्या आत ‘चेंबर’ म्हटलं की शिपायाला न्यायाधीशच आठवतात. वकील आवारात बसतात ते बार रूममध्ये, आणि तिथे कुणाच्या नावाची खोली नसते. वकिलांची स्वतःची चेंबर्स बहुतेक बाहेर, फोर्टातल्या जुन्या इमारतींत. एका खोलीची प्लायवूडने चार चेंबर्स केलेली, खालच्या पाटीवर निम्मी नावं कधीच सोडून गेलेल्यांची.
म्हणून नंबर बाजूला ठेवा आणि वकीलपत्राची प्रत काढा. त्यावर इमारत, मजला, फोन सगळं असतं. तेही नसेल तर बार रूमच्या दारात वकिलाचं पूर्ण नाव सांगा. दुपारच्या सुट्टीत गेलात तर कुणीतरी ओळखतंच.

बोरिवली_फास्ट
सोपं आहे हो. पहिला आकडा मजल्याचा. ३०४ म्हणजे तिसरा मजला, चौथी खोली. एवढं कळलं की कुठलंही कोर्ट पालथं घालता येतं.

फोर्टचा_जिना
नव्या इमारतीत चालेल ते. जुन्यात खोल्यांना पूर्वी कधीतरी पडलेले नंबर तसेच आहेत, मध्ये पोटमाळा निघतो, आणि १२ च्या शेजारी १७ असू शकते. मागच्या जिन्याने गेलं तरच सापडणाऱ्या खोल्याही आहेत. आणि कोर्टाचा नंबर तर खोलीचा नसतोच. किल्ला कोर्टातलं ३७ वं कोर्ट म्हणजे सदतिसावी खोली नव्हे. ते नंबर मुंबईभरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांचे आहेत. १० वं अंधेरीला, ३७ वं किल्ल्यात.

शुभदा_ठाणे
माझा किस्सा वेगळाच. वकीलबाई म्हणाल्या, “बांद्रा कोर्टात या, दुसरा मजला.” रिक्षावाल्याने स्टेशनजवळच्या कोर्टात सोडलं. दुसऱ्या मजल्यावर फिरफिर फिरले, आणि त्या उभ्या होत्या बीकेसीतल्या फॅमिली कोर्टात! आमची तारीख पुकारून झाली होती. नवऱ्याकडची मंडळी मात्र वेळेवर हजर. तेव्हापासून आधी इमारत विचारते, नंबर मागाहून.

नितीन७४
नोटरीला किती पैसे दिलेत? माझ्याकडून दोन पानांचे पाचशे घेतले.

रेवती_के
नितीन, तो विषय नाही हो.

लोअर_परळ_संध्या
दिल्लीला भावाच्या केससाठी गेले होते. तिथे साकेतला वकिलांच्या चेंबर्सची वेगळी इमारतच आहे. ब्लॉक आणि चेंबर नंबर दिला की दहा मिनिटांत दारात. त्याच सवयीने मुंबईत नुसता नंबर घेऊन निघाले आणि तोंडघशी पडले.
एक उपयोगी पडलं. वकील कुठे भेटेल हे कळत नसेल, तर ईकोर्ट्सवर आपल्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर घालून पुढची तारीख आणि कोर्ट पाहा. त्या दिवशी त्याच कोर्टाच्या दाराशी लागलेल्या बोर्डावर आपला नंबर बघायचा आणि थांबायचं. चेंबर नाही सापडलं तरी वकील सापडतो. अर्थात, त्याने ज्युनियर पाठवला नाही तर.

फोर्टचा_जिना
रेवतीताई, आता तुमचं काम. नोटरीचा गोल शिक्का नीट पाहा. त्यात नाव आणि कोणत्या क्षेत्रासाठी नेमणूक ते असतं, पत्ता नसतो. चेंबर ४ हा बाजूचा वेगळा, दुकानात बनवून घेतलेला शिक्का. टेबल हललं की तो खोटा ठरतो, पावसाळ्यात तर हलतंच. तुम्हाला खरा हवा तो रजिस्टरचा अनुक्रमांक, साधारण शिक्क्याजवळच पेनाने लिहिलेला असतो. तो आणि तारीख घेऊन जा, म्हणजे पान लगेच उघडतं.

रेवती_के
अनुक्रमांक आहे, ८ आहे की ३ ते कळत नाही एवढंच. आज परत गेले होते. टेबलावर दुसरेच गृहस्थ. म्हणाले, काकांनी दीड वर्षापूर्वी काम सोडलं, रजिस्टरं घरी असतील, घर बहुतेक डोंबिवलीला. अशा वेळी रजिस्टर कुठे जमा होतं, कुणाला अनुभव आहे?