मदत हवी आहे: संस्कृत श्लोकांच्या पानाच्या फोटोवरून रोमन लिप्यंतर, शब्दार्थ आणि भावार्थ

कोकणकन्या
नमस्कार मंडळी. आजीकडे सुभाषितांचं जुन्या छापाचं एक पुस्तक आहे. त्यातलं एक पान माझ्या भाचीला हवंय. ती न्यू जर्सीत वाढली आहे. मराठी छान बोलते, पण देवनागरी वाचताना अडखळते. म्हणून प्रत्येक श्लोक रोमन लिपीत, खाली शब्दांचे अर्थ आणि दोन ओळींत भावार्थ, असं करून पाठवायचं आहे. फोनवरच्या एका ॲपने फोटोतून मजकूर काढून दिला, तो असा:

गुणा गुणज्ञेषु गुणा मवन्ति
ते निर्गुण प्राप्य भवन्ति दोषा: ।
आस्वाघतोया: प्रवहन्ति नद्य:
समुद्रमासाघ भवन्त्यपेया: ॥

याचं लिप्यंतर केलं तर `āsvāghatoyā:` असं काहीतरी येतंय, आणि "आस्वाघ" कुठल्याच कोशात नाही. मला संस्कृत दहावीपर्यंतचं येतं. संपूर्ण पान करायचं आहे, तर कुठून सुरुवात करू?

चालतावाचता
अगदी सोपं आहे. वृत्त मोजा. हा उपजाती आहे, दर चरणात ११ अक्षरं. तुमच्या मजकुरात चारही चरणांत ११ भरतात, म्हणजे ॲपने काही खाल्लेलं नाही. मजकूर बरोबर आहे, कोशच अपुरा असेल.

खडूफळा
चालतावाचता, ११ भरतात हे खरं, पण त्यावरून एवढंच कळतं की अक्षर गळलेलं नाही किंवा जास्तीचं घुसलेलं नाही. "भवन्ति"चं "मवन्ति" झालं तरी ११च राहतात आणि लघुगुरूही तेच. "निर्गुणं"वरचा अनुस्वार उडाला आहे तोही वृत्ताला कळत नाही, कारण पुढे "प्रा" हे जोडाक्षर आहे, त्यामुळे "ण" आपोआप गुरूच धरला जातो. वृत्त चूक पकडेल ती कुठे? "गुणा भवन्ति"चं "गुण भवन्ति" झालं असतं तर. तिथे गुरूच्या जागी लघु आला असता. बाकीच्या चुका डोळ्यांनीच शोधाव्या लागतात.

कोकणकन्या, तुमच्या चार ओळींत छापील अक्षरांच्या नेहमीच्या दोन गफलती आहेत. एक भ आणि म. "भ"च्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, "म"ची अखंड असते. जुन्या छापात शाई पसरली की ही फट बुजते. दुसरी द्य आणि घ. "द्य"मध्ये द ची शेपटी खाली उतरून य ला भिडते, फोटो पुसट असला की ती दिसत नाही. आता मूळ फोटो मोठा करून "आस्वाघ" आणि "आसाघ" ही दोन्ही ठिकाणं बघा. "आस्वाद्य" आणि "आसाद्य" असणार.

तिसरी भानगड विसर्गाची. तुमच्या मजकुरात विसर्गाऐवजी साधं कोलन आलंय. दिसायला सारखंच, पण लिप्यंतर करणारं साधन त्याला हात लावत नाही, म्हणून `doṣā:` उरतं. देवनागरी मजकुरातच कोलन शोधून `ः` टाका.

टर्मिनलवाला
फोटोही नीट काढून बघा. पान काच ठेवून सपाट करा, उजेड खिडकीचा बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको. शिवणीकडची काळी सावली कापून टाका, नाहीतर ओळीतली शेवटची अक्षरं जातात. मग संगणकावर टेसरॅक्ट या फोटोतून मजकूर काढणाऱ्या प्रणालीला संस्कृतची फाइल जोडून चालवा:

```
tesseract pan.png pan -l san --psm 6
```

शेवटचा ६ म्हणजे सगळा मजकूर एकच सलग ठोकळा आहे असं त्याला सांगणं. पानावर खाली टीपा असतील तर त्या आधी कापून ठेवा, नाहीतर त्या श्लोकात मिसळतात. भ-म चुकतीलच, पण संख्येने कमी.

पोथीपुराण
माझ्याकडे पणजोबांच्या हातची पोथी आहे, काळ्या शाईत, सगळं सलग लिहिलेलं, शब्दांमध्ये जागाच नाही. ही आज्ञा त्यावर चालेल का?

टर्मिनलवाला
नाही हो, ही छापील अक्षरांवर घडवलेली आहे. हस्तलिखितावर नुसता कचरा येईल. हाताने टंकलेलं बरं.

कोकणकन्या
खडूफळा, फोटो मोठा करून पाहिला. दोन्हीकडे द्य आहे, आणि "निर्गुणं"वर टिंब आहे. आता अर्थाकडे. कोशात "आस्वाद्य" म्हणजे "चाखून" असं सापडलं. "चाखून पाण्याच्या नद्या वाहतात"? काहीतरी बिघडलंय.

खडूफळा
बिघडलेलं नाही, शब्द अर्धाच पाहिला गेलाय. "आसाद्य" हे ल्यबन्त आहे, "पोचून", ते समुद्राला जोडलं आहे. "आस्वाद्य" रूपाने तसंच दिसतं, पण इथे ते "तोय"ला चिकटून समास झालाय. आस्वाद्य म्हणजे चाखण्याजोगं, असं तोय ज्यांचं त्या, म्हणजे नद्या. म्हणून शब्दार्थ लिहायच्या आधी अन्वय मांडा, नाहीतर असे सापळे कळत नाहीत:

गुणाः गुणज्ञेषु गुणाः भवन्ति। ते निर्गुणं प्राप्य दोषाः भवन्ति। नद्यः आस्वाद्यतोयाः प्रवहन्ति। समुद्रम् आसाद्य अपेयाः भवन्ति।

पहिल्याच ओळीत "गुणा"चा विसर्ग संधीने गळलाय. मूळ रूप "गुणाः", कोशात मात्र "गुण" शोधा. "भवन्त्यपेयाः" म्हणजे भवन्ति आणि अपेयाः. संधी अडली तर जेरार ह्युए यांचं `Sanskrit Heritage` संकेतस्थळ तोडून दाखवतं, पण ते एकाच ओळीचे कितीतरी पर्याय देतं, त्यातला कुठला घ्यायचा हे अन्वयच सांगतो.

लिप्यंतर सगळ्यात शेवटी करा. आणि एक सोय आहे. देवनागरीत "समुद्रमासाद्य" तोडून लिहिलं तर म् चा पाय मोडावा लागतो. रोमनमध्ये मधे नुसती जागा सोडता येते:

```
guṇā guṇajñeṣu guṇā bhavanti
te nirguṇaṃ prāpya bhavanti doṣāḥ
āsvādyatoyāḥ pravahanti nadyaḥ
samudram āsādya bhavanty apeyāḥ
```

यामुळे भाचीला शब्द वेगळे दिसतील आणि म्हणताना संधीही टिकेल. हे `Aksharamukha`वर करता येईल, जागा मात्र हाताने सोडा.

सदाशिवपेठी
`jñ`? ती "ज्ञ"चा उच्चार भलताच करेल. आपण म्हणतो तसं `dny` लिहा. शिवाय माझ्या पाठात "सुस्वादुतोयाः" आहे, तुमचं पुस्तक चुकलंय.

खडूफळा
दोन्ही पाठ चालतात, दोन्ही वृत्तात बसतात. आपण पानाचं लिप्यंतर करतोय, तेव्हा पानावर आहे तेच राहू दे, हवं तर पाठभेद खाली द्या. `dny`चं म्हणाल तर मुलीने पुढे कोश उघडला तर त्यात काही सापडायचं नाही. उच्चार वेगळ्या ओळीत द्यावा.

सदाशिवपेठी
कोश कोण उघडतंय? ती श्लोक म्हणणार आहे.

कोकणकन्या
दोन्ही ओळी देते. भावार्थ असा जमलाय: "गुणांची पारख असलेल्यांपाशी गुण हे गुणच राहतात, गुणहीनापाशी गेले की तेच दोष होतात. गोड पाण्याच्या नद्या समुद्राला मिळाल्या की पिण्याजोग्या राहत नाहीत." आता पुढचा श्लोक. त्यात शिवणीच्या दुमडीखाली एक अक्षर पूर्ण गेलंय, अनुष्टुभ दिसतोय, चरणात सातच अक्षरं भरतात.

खडूफळा
कितवं अक्षर गेलंय ते सांगा. पाचवं असेल तर लघु, सहावं असेल तर गुरू, एवढं नेहमीच्या नियमाने सांगता येईल. अक्षर कुठलं ते दुसरी प्रत पाहिल्याशिवाय नाही. तोवर चौकोनी कंस टाकून जागा मोकळी ठेवा.

पोथीपुराण
हाताने टंकायचं तर शब्द कुठे तोडायचे, हे कोणी सांगेल का?