मदत हवी आहे : जुन्या छायाचित्राच्या पुनर्मुद्रणाची परवानगी

आमच्या गावच्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेत 1958 सालच्या एका मासिकातील वाचनालयाच्या जुन्या इमारतीचे छायाचित्र छापायचे आहे. प्रकाशनानंतर 60 वर्षे उलटल्याने ते कॉपीराइटमधून मुक्त झाले असावे, असा माझा समज होता. परंतु कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीची ती वेगळी मुदत रद्द झाली आणि छायाचित्रकार 1991 मध्ये वारले असल्याने हक्क 2051 अखेरपर्यंत टिकतो, असे दिसते. मासिक केव्हाच बंद पडले आहे. छायाचित्रकार तेथे पगारी नोकर नव्हते, एवढे मात्र त्यांच्या मुलीकडून समजले.

पत्राचा मसुदा असा आहे : "हे छायाचित्र अर्धे पान, कृष्णधवल, 500 विनामूल्य प्रतींच्या एकाच आवृत्तीत आणि स्मरणिकेच्या पीडीएफमध्ये कोणतीही काटछाट न करता वापरण्याची लेखी परवानगी द्यावी. खाली 'छायाचित्र : (नाव), 1958, वारसांच्या परवानगीने' अशी ओळ राहील."

छायाचित्रकारांना तीन अपत्ये असून मुलीचा एक भाऊ परदेशी आहे. एकट्या मुलीची सही पुरेल, की तिघांचीही संमती घ्यावी? शिवाय मासिकाने त्या काळी मोबदला देऊन हे छायाचित्र मुद्दाम काढून घेतले असेल, तर हक्क मुळात मासिकाच्या मालकाकडेच गेला असेल का, आणि तसे असल्यास विचारायचे कोणाला?