गर्डलिंगनं मणी फुगतो तो पाण्यानं का साखरेनं?

नान्नजचा_बागवाला:
सोनाका द्राक्षाची बाग आहे, मणी ज्वारीएवढा झालाय. गर्डलिंगवाली पोरं म्हणतात खोडाची साल गोल काढली की साखर वर अडकते नि मणी फुगतो. माझं म्हणणं, मणी म्हणजे पाणी, ते मुळातनं येतं. आणि साखर दाबानं वाहते म्हणतात ते पटत नाही, झाडात काय पंप बसवलाय का?

अकलूजची_काडी:
भाऊ पंप नाही, ओढ असते. घड भुकेला असतो तो पानातनं ओढून घेतो, घड मोठा तेवढी ओढ मोठी. आणि साखर जड, त्यामुळं खाली उतरायला तिला वेगळी ताकद लागत नाही. मी तर म्हणतो पोटॅश सोडा, साखर आपोआप घडात येईल, साल कापायची गरजच नाही.

वनस्पतीचे_मास्तर:
काडीदादा, घडाच्या भुकेचं अर्धं खरं आहे, त्यावर येतोच. वजनाचं मात्र सोडून द्या, वर वाढणाऱ्या शेंड्यालाही त्याच सालीतनं साखर जाते आणि शेजारशेजारच्या दोन नळ्यांत एकीत रस वर, दुसरीत खाली असंही होतं.

बागवाले, तुमचं पाणी सालीच्या आतल्या लाकडातनं येतं, ते साल काढून तुटत नाही, म्हणून तर गर्डलिंगनंतर पानं सुकत नाहीत. तुटते ती सालीतली साखरेची वाट. माल्पिघीनं १७व्या शतकात असंच कडं काढलं तर कड्याच्या वरची साल फुगली, खालची नाही. म्हणजे पानातनं काहीतरी खाली येत होतं नि तिथं अडलं.

आता पंपाचं. पान साखर बनवतं आणि ती सालीतल्या बारीक नळ्यांत भरतं. टोमॅटो-बटाट्यासारख्या झाडांत ती आधी पेशीबाहेर येते, मग नळीला चिकटलेल्या सोबतीच्या पेशी ऊर्जा खर्चून तिला आत ओढतात, म्हणजे बाहेर पातळ, आत दाट. हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९९४ मध्ये बटाट्यात ही आत ओढणारी वाट मंद केली तर साखर नि स्टार्च पानातच साचले आणि खाली बटाटे लहान राहिले. सूर्य तोच, पाणी तेच, नुसतं भरणं अडलं.

नळीत साखर दाट झाली की बाजूच्या लाकडातनं पाणी तिच्यात घुसतं, नळी फुगते, दाब चढतो. दुसऱ्या टोकाला मूळ किंवा मणी साखर काढून घेतो, तिथला रस पातळ होतो, पाणी परत बाहेर पडतं, दाब उतरतो. जिथं दाब जास्त तिथनं जिथं कमी तिकडं सगळा रस सरकतो. घडाची भूक ती हीच, तो ओढत नाही, आपल्या टोकाचा दाब कमी ठेवतो. हा विचार एर्न्स्ट म्युंखनं मांडला, त्याचं पुस्तक १९३० चं.

ड्रिपच्या भाषेत बोलू, दाब किलोत धरू. समजा पानाकडच्या रसात २० टक्के साखर आहे, तिचा पाणी खेचायचा जोर साधारण १५ किलो. पण ऊन चढलं की लाकडातलं पाणीही उलटं ओढून धरतं, समजा ८ किलोनं. राहिला नळीतला दाब ७. मुळाकडं रस १० टक्के म्हणजे ७ किलो, तिथली उलटी ओढ ३, राहिले ४. फरक ३ किलो, त्यावर रस ताशी अर्धा-एक मीटर सरकू शकतो. आता पाण्याचा ताण बसला नि पानाकडची ओढ १३ झाली, मुळाकडची ५, तर दोन्हीकडं २ च उरले, गाडी थांबली. वेल मग रस अजून दाट करून सावरते पण दाट रस सरकायला जड. फुगवणीच्या वेळी पाणी तोडू नका म्हणतात त्यामागं हेही एक कारण आहे.

पंढरपूरची_ताई:
आमच्या डाळिंबावर मिलीबग आलाय, फळावर सगळा चिकटा नि त्यावर काळी बुरशी. ही साखर फळातनं फुटते का? गर्डलिंग केलं तर चिकटा कमी होईल का?

वनस्पतीचे_मास्तर:
ताई, चिकट्याला गर्डलिंग लागू नाही, मिलीबगचाच बंदोबस्त करा. फळ फुटत नाही, किडा सालीतल्या नळीत सोंड घालतो, रसात साखर भरपूर नि नत्र कमी, म्हणून जास्तीची साखर तो मागनं टाकतो, तोच चिकटा. पण तुम्ही बरं काढलंत, दाबाचा सगळ्यात चांगला पुरावा असल्याच किड्यांनी दिलाय.

अकलूजची_काडी:
कसला पुरावा सर, किडा चोखतोय म्हणून येतं की.

वनस्पतीचे_मास्तर:
१९५३ मध्ये मावा सोंड खुपसून बसलेला असताना त्याचं शरीर कापून बाजूला केलं, सोंडेचं तुटकं टोक तेवढं सालीत राहिलं. चोखायला कोणीच नाही, तरी त्यातनं तासन्‌तास थेंब येत राहिले. पाणी नुसतं ओढलं जात असतं तर थेंब बाहेर आलाच नसता, हवा आत गेली असती.
पोटॅशचं: पानात त्याची कमतरता असेल तर साखर नळीत भरणं मंदावते हे खरं, तेव्हा दिलं तर उपयोग होतो. पण घडामागं पानंच चार असतील तर पोटॅश साखर कुठनं आणणार?

अकलूजची_काडी:
बरं मानलं. मग शंभर फुटी झाडाचं काय? एवढ्या लांब बारीक नळीतनं ढकलायला दाब केवढा लागेल, आणि उंच झाडांच्या पानात तर तेवढा दाब सापडत नाही असं वाचलंय.

वनस्पतीचे_मास्तर:
हा आक्षेप खरा आहे, त्यावर भांडण अजून चालू आहे. २०१६ मध्ये मॉर्निंग ग्लोरीच्या वेलावर मोजलं तर वेल लांब झाली तशा नळ्या मोकळ्या झाल्या नि दाबही वाढला, म्हणजे वेलीपुरता म्युंख टिकला. उंच झाडांत मात्र बऱ्याच जातींत पान साखर जोर लावून भरतच नाही, पानातच ती दाट असते नि आपोआप नळीत झिरपते, दाब कमी. तिथं हिशोब कसा जुळतो यावर एकमत नाही. आपली वेल दोन-तीन मीटरची, तिथं ही अडचण नाही.

मोहोळचा_जुना_बागायतदार:
थिअरी बरोबर असेल पण मी भोगलंय ते सांगतो. एका वर्षी गँगनं पट्टा बोटभर रुंद काढला आणि पात्याचा वार लाकडात गेला. मणी छान फुगला, काढणीही झाली, पण पट्टा भरून आलाच नाही, पांढरी मुळी दिसेना, पुढच्या छाटणीला फूट एकदम बारीक, चाळीसएक वेली गेल्या. पट्ट्याखालची मुळं किती दिवस शिदोरीवर राहणार? पट्टा ३-४ एमएमच ठेवा, तीन-चार आठवड्यांत भरून येतो. आणि अशक्त वेलीला हात लावू नका.

नान्नजचा_बागवाला:
पाणी लाकडातनं येतं हे मला माहीत होतं की. मणी फुगतो तो त्याच पाण्यानं, मग साखर आडवून मणी मोठा का होतो ते अजून समजलं नाही.

वनस्पतीचे_मास्तर:
आत्ताच्या ज्वारीएवढ्या मण्याला पाणी बहुतेक लाकडातनंच येतं, तुम्ही तिथं बरोबर आहात. पण मण्याच्या पेशी याच दिवसांत वाढतात नि पाणी आत धरून ठेवायला त्यांना साखर लागते. खोडाच्या कड्यानं मुळाचा वाटा तात्पुरता थांबतो नि तो वरच्या घडांना मिळतो. खाली जाणारी संजीवकंही तिथं अडतात, त्यांचा वाटा किती नि साखरेचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. पुढं मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागला, की चित्र पालटतं, तेव्हा लाकडाकडनं येणारं पाणी घटतं आणि पाणी-साखर दोन्ही बहुतेक सालीतनंच येतं.

अकलूजची_काडी:
मग पाणी उतरताना कडं काढलं तर?

मोहोळचा_जुना_बागायतदार:
तेव्हा रंग नि गोडी लवकर येते, फुगवण वाढत नाही. बागवाले आधी घडामागं पानं मोजा, दहा-पंधरा चांगली पानं नसतील तर माझ्या मते यंदा पातं घेऊच नका.

नान्नजचा_बागवाला:
उद्या सकाळी मोजतो. दक्षिणेकडच्या चार ओळी जरा बारीकच आहेत, त्या सोडून बाकीच्यांना करावं का नाही ते पानं बघूनच ठरवतो.