मदत हवी आहे: इंडोनेशियन शिष्यवृत्तीचं पत्र परत आलंय

गामेलान_पुणे
परवा रात्री पोर्टल बंद होतंय. शिक्षकांनी माझं पत्र परत पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं: "प्रत्यय चुकलेत, अर्धं पत्र गप्पांच्या भाषेत आहे." आता ते फोन उचलत नाहीत. नक्की काय बदलू? लवकर सांगा.

मंदार_के
पत्र कुठे आहे? आणि शिष्यवृत्ती कुठली, दर्मसिस्वा की केएनबी? एकीत भाषा आणि कला शिकायच्या असतात, दुसरीत पदवी. मजकूर त्यावर ठरेल.

कोथरूडकर_काका
आम्ही बालीला गेलो होतो तेव्हा व्हिसा विमानतळावरच मिळाला. पत्रबित्र काही लागलं नाही.

गामेलान_पुणे
काका, व्हिसा नाही, शिष्यवृत्ती. दर्मसिस्वाच, गामेलान हे तिथलं पारंपरिक वाद्यवृंद संगीत शिकायला. ही तीन वाक्यं लाल केलीत (इथे देवनागरीत लिहितेय):
"आकू पेंगेन मेंगाजार गामेलान दि योग्याकार्ता. साया सुका बांगेत बुदाया जावा. सुरात इनि साया मेनुलिस उंतुक कालियान."
म्हणायचं होतं: मला योग्याकार्तात गामेलान शिकायचंय, मला जावाची संस्कृती खूप आवडते, हे पत्र मी तुम्हाला लिहितेय. मी यूट्यूब आणि जकार्ताच्या मैत्रिणींशी चॅट करून शिकले. त्यांना तर सगळं कळतं.

सुलक्षणा_अनुवाद
त्यांना कळणारच, पण समितीला पहिल्या वाक्यातून भलतंच कळेल. मेंगाजार म्हणजे शिकवणं. तुम्ही गामेलान शिकवायला येताय असा अर्थ झाला. धातू आजार. 'बेर' लागून बेलाजार झालं की शिकणं, आणि एखाद्या विषयाचा नेटाने अभ्यास करायचा तर मेम्पेलाजारी. तुमच्या वाक्यात हेच बसेल: "साया इंगिन मेम्पेलाजारी गामेलान दि योग्याकार्ता."

मंदार_के
एक मिनिट. क, त, स, प यांनी सुरू होणाऱ्या शब्दाला 'मे' लागला की ते अक्षर गळतं. पाकाइचं मेमाकाइ, तुलिसचं मेनुलिस. मग मेमेलाजारी हवं.

सुलक्षणा_अनुवाद
नियम बरोबर, पण तो मूळ शब्दाच्या पहिल्या अक्षराला लागतो. इथे मूळ आजार आहे. 'प' त्याच्या आधी जोडलेल्या 'पेल'चा, म्हणून तो टिकतो. केबीबीआय कोशात मेम्पेलाजारी असंच सापडेल.

तिसऱ्या वाक्यातली चूक मराठी माणूस हमखास करतो. आपण "मी हे पत्र लिहिते" आणि "हे पत्र मी लिहिते" दोन्ही म्हणतो, क्रियापद तेच राहतं. इंडोनेशियनमध्ये पत्र पुढे आलं आणि लगेच साया आलं, की क्रियापदाचा 'मे' काढायचा: "सुरात इनि साया तुलिस". नाहीतर सरळ "साया मेनुलिस सुरात इनि".

गप्पांची भाषा म्हणजे पेंगेन, बांगेत, कालियान. पेंगेनऐवजी इंगिन. "सुका बांगेत"ऐवजी "सांगात मेन्युकाइ". सुकातला 'स' तिथे गळून 'न्य' होतो, मंदारचाच नियम. आकू आणि साया दोन्ही म्हणजे 'मी'. आकू अपमानकारक नाही, पण जवळिकीचं आहे. एका ओळीत आकू आणि पुढच्या ओळीत साया, हे सगळ्यात आधी डोळ्यात भरतं. पूर्ण पत्रात साया ठेवा.

सायली_केएल
माझी मलेशियन शेजारीण तपासून देईल, भाषा जवळजवळ सारखीच आहे.

सुलक्षणा_अनुवाद
कृपया नको. मलयमध्ये पेर्चुमा म्हणजे फुकट, इंडोनेशियात पेर्चुमा म्हणजे व्यर्थ. शिष्यवृत्तीच्या पत्रात "शिक्षण व्यर्थ" जाईल.

गामेलान_पुणे
'तुम्ही'साठी कालियानच्या जागी आंदा लिहू?

मंदार_के
हो. माझ्या सुराबायाच्या सहकाऱ्यांचे सगळे मेल आंदावर चालतात.

सुलक्षणा_अनुवाद
आंदा जाहिरातीत आणि फॉर्मवर ठीक. वयाने मोठ्या परीक्षकांना मी "बापाक/इबू" लिहीन. सुरुवात "देंगान होर्मात", शेवटी "होर्मात साया".

मंदार_के
मला हा फरक फार ताणलेला वाटतो. आंदाने कोणी अर्ज नाकारणार नाही.

सुलक्षणा_अनुवाद
नाकारणार नाहीत. पण आंदात अंतर राहतं आणि हे पत्र विनंतीचं आहे. मी बदलेनच.

गामेलान_पुणे
बापाक/इबू घेतलं. शेवटच्या परिच्छेदात "मेरुबाह चारा बेलाजार साया" आहे, म्हणजे माझी शिकण्याची पद्धत बदलणं. त्यावर खूण नाही. ते ठीक ना?

मंदार_के
ठीक आहे. ऑफिसात सगळे मेरुबाहच म्हणतात.

सुलक्षणा_अनुवाद
म्हणतात, आणि इंडोनेशियन लोक लिहितातही. पण मूळ शब्द उबाह, स्वराने सुरू होणारा, म्हणून 'मेंग' लागतो: मेंगुबाह. पत्रात तेच लिहा. शिक्षकांच्या नजरेतून सुटलं असेल, म्हणून बाकीचा परिच्छेदही इथे लिहा.

गामेलान_पुणे
"बेर्कास सुदाह साया दि किरिम." कागदपत्रं मी पाठवली आहेत.

सुलक्षणा_अनुवाद
साया आलं की 'दि' नको: "बेर्कास सुदाह साया किरिम". 'दि' ठेवायचा तर साया काढा आणि जोडून लिहा, दिकिरिम. सुटा 'दि' फक्त जागेसाठी, "दि योग्याकार्ता"सारखा.

कोथरूडकर_काका
योग्याकार्ताला विमान थेट आहे का हो?